धुतल्यावर इकतच्या कडा फिसकटल्या: विणीतलीच धूसरता, की रंग सुटला?

इकतचं नवं कापड पहिल्यांदा पाण्यात गेलं की एक तक्रार हमखास येते: नक्षीच्या कडा फिसकटल्या, म्हणजे रंग कच्चा निघाला. कधी कधी कापड न धुताच तक्रार येते, की रेघ सरळ नाही, रंग पसरलाय, कापड खराब दिलं. या दोन्ही तक्रारींत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक धूसरपणा कापड मागावरून उतरतं तेव्हाच त्यात असतो आणि तो धुण्याने जात नाही की वाढत नाही. दुसरा पाण्यात होतो, आणि तो टाळता येतो. पहिल्याला डाग समजून घासत बसलं तर चांगलं कापड बिघडतं. दुसऱ्याला 'इकत असंच असतं' म्हणून सोडून दिलं तर वेळेत निघाला असता असा रंग कायमचा बसतो. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी आपल्यासमोर नेमकं काय आहे ते ओळखायला हवं.

धूसर कड मुळात येते कुठून

इकतमध्ये कापड रंगवत नाहीत, विणायच्या आधी सूत रंगवतात. धाग्यांची लड ताणून लावायची, जिथे रंग नको तिथे दोरा किंवा रबरी पट्टी घट्ट गुंडाळायची, लड रंगात बुडवायची, बंध सोडायचे, पुढच्या रंगासाठी पुन्हा नवे बंध बांधायचे. मग ते धागे मागावर जातात आणि विणताना नक्षी जुळत जाते. म्हणजे आपल्याला दिसणारी प्रत्येक कड ही शेकडो वेगवेगळ्या धाग्यांवरची रंग बदलण्याची ठिकाणं शेजारी शेजारी लागून तयार झालेली असते. ती ठिकाणं तंतोतंत एका ओळीत येणं जवळपास अशक्य आहे.

याची दोन कारणं आहेत. पहिलं बांधणीतलं. ओलं सूत पाणी खेचून घेतं, आणि त्या पाण्याबरोबर रंगही बंधाच्या कडेखालून थोडा आत शिरतो. बंध कितीही घट्ट असला तरी रंग एका बिंदूवर तुटत नाही, एक-दोन मिलिमीटरमध्ये फिका होत संपतो. बंध सैल असेल तर हे अंतर वाढतं. शिवाय धागे एकेक करून बांधत नाहीत, काही धाग्यांचा गट एकत्र बांधतात. म्हणून शंकरपाळ्याची तिरकी बाजू जवळून पाहिली तर ती रेघ नसते, बारीक पायऱ्या असतात. गटात जितके जास्त धागे, तितकी पायरी मोठी.

दुसरं कारण विणण्यातलं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण विणकराची खरी कसोटी तिथे लागते. आडवा धागा, म्हणजे बाणा, बांधून रंगवलेला असेल तर धोटा एकदा या काठापासून त्या काठापर्यंत जाताना नक्षीची एक पूर्ण ओळ त्यात बसायला हवी. समजा कापडाची रुंदी ४४ इंच आहे. रंगवताना एका फेरीची लांबी त्या हिशोबाने धरलेली असते. मागावर कापड थोडं आत ओढलं गेलं आणि प्रत्येक फेरीत फक्त एक मिलिमीटर धागा जास्तीचा उरला, तर दहा फेऱ्यांत नक्षी एक सेंटिमीटर सरकली असती. ती सरकत नाही, कारण विणकर प्रत्येक फेरीनंतर धागा हाताने किंचित मागे-पुढे करून जुळवतो आणि उरलेलं सूत काठाला बारीक फास म्हणून सोडतो. बाण्याच्या इकतच्या किनारीवर असे छोटे सुटे फास दिसतात ते त्याचेच. ते कापू नयेत. नजरेने आणि बोटाने केलेलं हे जुळवणं अर्ध्या-एक मिलिमीटरने चुकणारच, आणि त्या चुका एकावर एक रचल्या की कडेला पिसासारखी झालर दिसते.

पोचमपल्लीचं कापड असो, संबलपुरी असो की पाटणचा पटोळा, ही झालर सगळीकडे असते, फक्त तिचं माप बदलतं. पाटणच्या पटोळ्यात ताणा, म्हणजे उभा धागा, आणि बाणा दोन्ही बांधून रंगवलेले असतात, आणि थोडं विणून झालं की धागे सुईने सरकवून जुळवतात. म्हणून तिथली कड खूपच नेटकी असते, तरीही छापल्यासारखी नसते.

धूसरपणाची दिशा बघा

ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे दिशा. विणीतली झालर नेहमी बांधून रंगवलेल्या धाग्याच्या दिशेनेच असते. नक्षी बाण्यात असेल तर रंग डावी-उजवीकडे फिस्कारलेला दिसेल, पण त्याच नक्षीतली आडवी रेघ, जी पूर्ण फेऱ्यांनी बनते, ती वर-खाली स्वच्छ तुटलेली असेल. नक्षी ताण्यात असेल तर उलट: कापडाच्या लांबीच्या दिशेने झालर आणि बाजू धारदार. दुहेरी इकतमध्ये झालर दोन्हीकडे, पण तीसुद्धा धाग्याधाग्याने, पायरीपायरीने.

सुटलेल्या रंगाला अशी दिशा नसते. तो पाण्याबरोबर जातो, म्हणून जिथे ओलं कापड कापडाला चिकटून राहिलं तिथे ढगासारखा पसरतो, घडीच्या रेघेवर गडद होतो, आणि मुख्य म्हणजे ज्या धाग्याला रंगवलंच नव्हतं त्यालाही लागतो.

ही शेवटची गोष्ट तपासता येते. कापडाच्या कापलेल्या कडेवरून एक आडवा आणि एक उभा धागा उपसून पांढऱ्या कागदावर ठेवा, साधं भिंग घ्या. बांधलेल्या धाग्यावर रंग थोड्या अंतरात फिका होत जाऊन पांढरा व्हायला हवा. त्याला छेदणारा, न बांधलेला धागा टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाचा हवा. तोच मध्ये मध्ये गुलाबी किंवा निळसर झाला असेल तर तो सुटलेला रंग आहे, विणीचा त्यात काही संबंध नाही.

एक फसवी स्थिती इथेच सांगतो. कापड फक्त बाण्याचं इकत असेल आणि ताणा मुळातच मरून असेल, तर 'पांढरे' ठिपके कधीच शुभ्र दिसणार नाहीत, कारण प्रत्येक पांढऱ्या धाग्यावरून मरून धागा जातो. लांबून ते गुलाबीच वाटतात. बरेच जण धुतल्यावर पहिल्यांदा नीट निरखून पाहतात आणि रंग लागला म्हणतात. म्हणूनच नवं कापड पाण्यात घालण्याआधी उजेडात त्याचा जवळून एक फोटो काढून ठेवावा, किंवा कडेची बोटभर पट्टी कापून कोरडी ठेवावी. नंतर वाद स्मृतीवर सोडायला नको.

एक प्रकरण, तपशिलात

एका ताईंनी कुर्त्यासाठी घेतलेलं अडीच मीटर सुती कापड दाखवायला आणलं. पांढरा ताणा, मरून बाणा, त्यात पांढरे शंकरपाळे. त्यांचं म्हणणं होतं की धुण्याआधी शंकरपाळे टोकदार होते आणि आता चारही बाजूंनी पुसट झालेत. त्यांनी कापड चौपदरी घडी घालून बादलीत मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवलं होतं, मग पिळून तसंच काही वेळ ठेवलं होतं. चांगली गोष्ट ही की वाळवलं होतं, पण इस्त्री केली नव्हती, आणि शिंप्याने मापासाठी कापलेली एक कोरडी पट्टी शिल्लक होती.

आधी पट्टी आणि कापड शेजारी ठेवली. शंकरपाळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूची झालर दोन्हींत सारखीच होती, साधारण तीन मिलिमीटर. म्हणजे ज्या पुसटपणाबद्दल ताईंची मुख्य तक्रार होती तो धुण्याने आलाच नव्हता. पण काही शंकरपाळे आतून गुलाबी होते, आणि ते एका सरळ पट्ट्यात होते. कापड पुन्हा चौपदरी केल्यावर तो पट्टा बरोबर घडीच्या तळाशी येत होता. कडेचा उभा धागा उपसला तर तो काही भागात पांढरा आणि काही भागात गुलाबी. हा धागा कधी रंगात गेलाच नव्हता, त्यामुळे निकाल स्पष्ट होता: कड विणीची, गुलाबी छटा बादलीतली. कडेवर करण्यासारखं काहीच नव्हतं. गुलाबी छटेवर होतं. ते कसं, हे पुढे येईल. आधी बादलीत काय घडलं ते.

मिठाच्या पाण्याने नेमकं काय होतं

नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग 'पक्का' होतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय. इकतच्या बाबतीत हा सल्ला मी कळकळीने मोडायला सांगतो.

सुती धाग्यावर रंग टिकतो तो रंगवतानाच्या प्रक्रियेमुळे. व्हॅट रंग धाग्याच्या आत न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो. नॅप्थॉल रंग धाग्यातच तयार होतो. हे काम रंगशाळेत नीट झालं असेल तर मिठाची गरज नाही, झालं नसेल तर घरच्या मिठाने ते पूर्ण होत नाही. रंगशाळेत मीठ वापरतात हे खरं, पण ते पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी. आता हाच गुण बादलीत काय करेल ते बघा. नव्या कापडात धाग्याला न जोडलेला थोडाफार रंग शिल्लक असतो, तो पाण्यात उतरतो. पाण्यात मीठ असेल तर तो रंग पाण्यात तरंगत राहण्याऐवजी जवळच्या सुती धाग्याकडे ढकलला जातो. एकरंगी कापडात हे कळतही नाही. इकतमध्ये जवळचा धागा म्हणजे नक्षीचा पांढरा भाग.

डायरेक्ट प्रकारच्या स्वस्त रंगात मीठ रंग उतरणं त्या वेळेपुरतं कमी करतं, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पुढच्या साध्या पाण्यात तो रंग पुन्हा जातोच. व्हिनेगरही सुती कापडात निरुपयोगी आहे.

म्हणजे पहिल्या धुण्यात रंग अडवून धरायचा नाही. सुटा रंग भरपूर पाण्यात लवकर बाहेर काढायचा आणि तो पांढऱ्यावर बसायच्या आत ते पाणी ओतून टाकायचं.

पहिलं धुणं, सुती कापडासाठी

आधी चाचणी. एक पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबा. नक्षीतल्या प्रत्येक गडद रंगावर वेगळं करून बघा, कारण एकाच कापडात काळा पक्का आणि लाल कच्चा असं सर्रास असतं. रुमाल स्वच्छ राहिला तर निश्चिंत धुवा. किंचित छटा आली तर खाली सांगितलंय तसंच धुवा. ठळक डाग पडला तर घरी पाणी लावू नका, ड्रायक्लीनला द्या आणि पावती ठेवून विक्रेत्याला दाखवा. कोरडा रुमाल घासूनही बघा. ओल्यावर रंग न लागता कोरड्या घासण्याने लागत असेल तर तो वरवर चिकटलेला रंग आहे. नॅप्थॉलच्या लाल-मरूनमध्ये हे जास्त दिसतं, आणि तिथे कापड एकमेकांवर चोळणं पूर्ण टाळायचं.

मग एक मोठा टब. अडीच मीटर सुती कापडाचं वजन साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरतं, त्याला किमान पंधरा लिटर थंड पाणी हवं. कमी पाणी ही पहिल्या धुण्यातली सगळ्यात सामान्य चूक आहे, कारण तेवढाच रंग थोड्या पाण्यात दाट होतो. पाण्यात एक चमचा सौम्य, क्षाररहित द्रव साबण आधी पूर्ण मिसळा. पावडर किंवा वडी थेट कापडावर लावू नका. कापड घडी मोडून, पूर्ण उलगडून पाण्यात सोडा आणि तीन-चार मिनिटं हाताने सतत हलवत राहा. भिजत ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही, थांबलेलं कापड म्हणजे डागाला दिलेली संधी.

पहिलं पाणी गढूळ येईल. घाबरू नका, त्यात रंगाबरोबर ताण्याला लावलेली खळही असते. ती निघाली की कापड मऊ पडतं, धागे फुगून एकमेकांजवळ येतात, आणि झालर आधीपेक्षा थोडी मवाळ दिसते. हा बदल खरा आहे, पण रंग गेल्यामुळे झालेला नाही. पाणी ओतून लगेच नव्या पाण्यात खळबळा, आणि पाणी जवळपास नितळ येईपर्यंत बदलत राहा. गडद लाल आणि काळ्यात शेवटच्या पाण्यालाही पुसट छटा राहू शकते, तेवढी चालते. ती पुढच्या दोन-तीन धुण्यांत थांबायला हवी. तोवर हे कापड एकटंच धुवायचं.

पिळू नका. कापड मोठ्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळा, दाबा आणि लगेच उलगडून सावलीत वाळत घाला. दोरीवर दुहेरी टाकलं तर ओला गडद भाग फिक्या भागाला टेकतो आणि एवढ्या काळजीनंतरही रंग लागतो, म्हणून आडवं पसरलेलं बरं. जागा नसेल तर एका काठाला चिमटे लावून एकपदरी लटकवा. थोडं दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री करा. सुती हातमाग पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतो, त्यामुळे शिवायचं असेल तर हे सगळं कापायच्या आधी. अस्तर लावणार असाल तर अस्तरही आधी धुवून घ्या.

रेशमी इकतला पहिल्यांदा ड्रायक्लीनच द्यावं असं माझं मत आहे. रेशीम ओलं झालं की कमजोर होतं, आणि हाताने धुताना बाण्याचे धागे सरकले की नक्षीची जुळणीच हलते. तो धूसरपणा मात्र खरोखर आपण केलेला असतो.

रंग लागलाच तर

वेळ महत्त्वाचा. कापड ओलं असतानाच पकडलं तर बहुतेक रंग निघतो. वाळलं तर कठीण, इस्त्री झाली तर आशा कमी. ताईंचं कापड मधल्या अवस्थेत होतं.

कोपऱ्यावर चाचणी करून पाहिलं की कोमट पाण्याने गडद भागातून रंग धोधो सुटत नाही. मग पंधरा लिटर कोमट, साधारण ४० अंश सेल्सिअस, म्हणजे हाताला सुखद वाटेल इतपत पाणी घेतलं, एक चमचा सौम्य द्रव साबण घातला, आणि रंग शोषून घेणारे जे कागद धुलाईसाठी मिळतात त्यातले दोन सोडले. ते नसतील तर जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे मोठे तुकडे थोडंफार काम करतात. सुटलेल्या रंगाला बसायला शंकरपाळ्यांशिवाय दुसरी जागा मिळते, एवढाच हेतू. दहा मिनिटं सतत हलवत ठेवलं, पाणी फेकलं, थंड पाण्यात खळबळलं, पुन्हा तेच. प्रत्येक पाण्याला गुलाबी छटा कमी होत गेली, आणि पाण्यात रंग येणं थांबल्यावर आम्हीही थांबलो. शंकरपाळे पांढरे झाले. फक्त घडीच्या तळाच्या रेघेवर एक फिकी छटा राहिली, ती निघाली नाही. कापताना ती रेघ बाजूच्या शिवणीत घेता आली.

त्या रेघेसाठी पुढे जाण्याचा मोह होतो आणि कापड इथेच वाया जातं. क्लोरीन ब्लीचला किंवा रंग काढणाऱ्या हायड्रोसल्फाइटला लागलेला रंग आणि नक्षीचा रंग यातला फरक कळत नाही. ब्रशने घासलं तर सुताचे तंतू उभे राहतात आणि कड खरोखरच कायमची धूसर होते. डागावर लिंबू चोळून उन्हात ठेवल्याने भोवतालचा गडद रंग उडतो. घडीची एक फिकी रेघ या सगळ्यापेक्षा बरी.

दोन-तीन धुण्यांनंतरही पाणी पहिल्याइतकंच रंगीत येत असेल तर रंगकाम अपुरं झालंय, आणि घरच्या कुठल्याही उपायाने ते सुधारणार नाही. असं कापड परत करताना कोरडी ठेवलेली पट्टी, उपसलेला उभा धागा आणि रंग लागलेला रुमाल सोबत न्या. झालरीबद्दल मात्र तक्रार करू नका, ती विणकराने परत घ्यावी अशी चूक नाही. तुम्हाला धारदार कडच हवी असेल तर खरेदीच्या वेळीच शंकरपाळ्याच्या पायऱ्या बघा: बारीक पायऱ्या म्हणजे कमी धाग्यांचे गट, जास्त बंध आणि जास्त मेहनत. कापडाची उलटी बाजूही बघा. तिथे नक्षी सुलट बाजूइतकीच गडद नसेल, आणि उपसलेला धागा एका अंगाने रंगीत व दुसऱ्या अंगाने पांढरा निघाला, तर ते इकतसारखं छापलेलं कापड आहे, आणि झालरही छापलेली आहे.